मदत हवी आहे : विभागाचे आर्थिक मूल्यवर्धन काढताना अपूर्ण यंत्रसामग्री भांडवलात धरावी का?

सर्वांना नमस्कार. आमच्या कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाचा व्याजापूर्वीचा परिचालन नफा 4.40 कोटी रुपये आहे आणि 25 टक्के कर वजा केल्यावर 3.30 कोटी उरतात. गुंतवलेले सरासरी भांडवल 30 कोटी आणि भांडवलाचा भारित सरासरी खर्च 12 टक्के असल्याने भांडवल वापरल्याबद्दलचा आकार, म्हणजे त्याचा वर्षाचा खर्च, 3.60 कोटी होतो. म्हणजेच नफा दिसत असूनही मूल्यवर्धन उणे 30 लाख येते. व्याज मी मुद्दाम वजा केलेले नाही, कारण ते 12 टक्क्यांत आधीच आलेले आहे.

अडचण अशी की, या 30 कोटींपैकी 5 कोटी अजून उभारणी चालू असलेल्या यंत्रांत अडकले असून त्यांतून वर्षभरात एक रुपयाही उत्पन्न आलेले नाही. ते वगळल्यास आकार 3 कोटींवर येतो आणि उत्तर थेट अधिक 30 लाख होते. विभागप्रमुखांचा बोनस याच आकड्यावर ठरत असल्याने मला हा निर्णय सोपा वाटत नाही. रक्कम वगळली, तर उभारणीतील दिरंगाईची किंमत कोणाच्याच खात्यात पडत नाही. धरली, तर नवी गुंतवणूक करणाऱ्यालाच शिक्षा होते.

उभारणीच्या काळातील आकार बाजूला साठवून, उत्पादन सुरू झाल्यावर तो भांडवलात मिळवण्याची पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? असल्यास ठरलेली मुदत उलटल्यानंतरचा आकार आपण कसा हाताळता, हे कृपया सांगावे.