मदत हवी आहे: काउंटरवरचा पोरगा गिऱ्हाइकांवर खेकसतो, काय करावं?

काळीमाती:
परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मी, एक बिलिंगवाले काका आणि काउंटरवर एक पोरगा, एवढीच माणसं. पोरगा चार वर्षांपासून आहे, वय २६. हिशेबाला चोख, कोणता माल गोडाऊनमध्ये कुठं आहे ते त्याला झोपेतही सांगता येईल. पण यंदा मिरगापासून त्याच्या तोंडाच्या तक्रारी रोज कानावर येताहेत.

परवाचंच सांगतो. एक शेतकरी पिवळं पडलेलं सोयाबीनचं झाड उपटून घेऊन आला. "काय मारू दादा यावर?" पोरगा झाडाकडं न बघताच म्हणाला, "डब्यावर लिहिलेलं असतंय सगळं, वाचता येत नाही का?" त्या माणसानं झाड काउंटरवर ठेवलं आणि सरळ समोरच्या दुकानात गेला. ते झाड संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होतं.

दोनदा सांगून झालं, "नीट बोलत जा." दोन दिवस बरं जातं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काढावं तर ऐन हंगामात नवा माणूस कुठून आणू? आणि मुळात हा उद्धट आहे, की त्याला काही जमत नाही, की नुसता वैतागलाय, हेच मला कळेना.

मोंढ्यातला:
काढून टाका. जीभ तिखट ती तिखटच राहते. माझ्या आडतीवर एक असाच होता, त्याच्या पायी दोन गावांचा माल दुसरीकडं गेला तेव्हा माझे डोळे उघडले.

गोदाकाठ:
दादा, मी नांदेडला एका दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर १४ वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं त्या काउंटरची जबाबदारी माझ्याकडंच होती. काढायच्या आधी एक करा. आठ-दहा दिवस एका वहीत लिहून ठेवा. "उद्धटपणे बोलला" असं लिहू नका, ते तुमचं मत झालं. किती वाजता, कोणतं काम चाललं होतं, समोर कोण होतं, दुकानात गर्दी किती होती आणि तो नेमकं काय बोलला, त्याचेच शब्द लिहा. आणि जेव्हा तो नीट बोलला तेही लिहा. हे सगळे विसरतात आणि खरा उलगडा तिथूनच होतो.

बांधावरचा:
सगळे दुकानदार सारखेच हो. यूरिया मागितला की म्हणतात सोबत हे औषध घ्या, नाहीतर गोणी मिळणार नाही. कामून घ्यावं आम्ही? यावर काही बोला की.

काळीमाती:
@बांधावरचा, काका, ते लिंकिंगचं दुखणं वेगळं आहे. आमच्या दुकानात तसं चालत नाही. कुठं झालं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, सोबत बिल जोडा. इथं विषय पोराच्या बोलण्याचा आहे.

बांधावरचा:
बोलण्याचाच तर विषय काढला मी. गोणी नाही म्हणतानाबी नीट म्हणत नाहीत.

काउंटरचा_राजा:
लातूरला मोबाइलच्या शोरूमला होतो. आम्हाला वाक्यं पाठ करून घ्यायचे. "या, बसा, पाणी घ्या", "दोन मिनिटं द्या, बघून सांगतो". अशी दहा वाक्यं द्या पोराला, महिन्यात माणूस बदलतो. बोलणं ही सवय आहे, बाकी काही नसतं.

गोदाकाठ:
@काउंटरचा_राजा, वाक्यं कामाला येतात, पण कुठं द्यायची ते आधी कळलं पाहिजे. आमच्याकडं एक मुलगी विम्याच्या पेशंटवर फार चिडायची. तिला गोड बोलायला शिकवलं. मग ती गोड आवाजात चुकीचं सांगायला लागली. तिला विम्याचे कागदच समजत नव्हते.

काळीमाती:
दहा दिवस वही ठेवली. १३ वेळा तो वाकडं बोलला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं तीस-चाळीस निघतील.

पाच वेळा खत देताना लागणाऱ्या अंगठ्याच्या मशीनवर. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. "हात धुऊन येत जा की जरा", "तुमच्यामुळं पन्नास माणूस खोळंबलंय" असली वाक्यं.
चार वेळा कुणी पान किंवा किडा दाखवून "काय मारू" विचारलं तेव्हा.
तीन वेळा उधारीवाल्यांना.
एकदा एका आजीला. ते पुढं सांगतो.

ताई, तुम्ही नीट बोललेलं पण लिहायला सांगितलं होतं. खताचं, बियाण्याचं, भावाचं कुणी विचारलं तर हा पोरगा एकदम गोड असतो. एकाला २५ मिनिटं पंपाच्या नोझलबद्दल समजावत होता.

गोदाकाठ:
अंगठ्याच्या त्या पाच वेळा कोणत्या दिवशी, किती वाजता? आणि बाकीच्या दिवशी अंगठा लागला नाही तेव्हा काय केलं त्यानं?

काळीमाती:
आत्ता वही पुन्हा बघितली. पाचही वेळा यूरियाची गाडी आली त्या दोन दिवसांतल्या आहेत, दुपारी एक ते चारमधल्या. दोन्ही दिवशी तो जेवलाच नव्हता, डबा चार वाजता उघडला. मधल्या एका रिकाम्या दिवशी एका आजोबांचा अंगठा चारदा लागला नाही, तर यानं स्वतःच्या रुमालानं त्यांचं बोट पुसून दुसरं बोट लावलं. हसत होता.

गोदाकाठ:
मग उत्तर तुमच्या वहीतच आहे. काम तेच, माणसं तशीच, फक्त गर्दी आणि भूक वेगळी. रिकाम्या दिवशी जमतंय म्हणजे त्याला येतंय आणि मनातही आहे. हा ताण आहे, आणि तो तुम्ही नेमून दिलेल्या कामातून आलाय. गाडीच्या दिवशी मशीनवर दर दीड तासाला माणूस बदला आणि डबा साडेबाराला, मग रांग कितीही असो.

"काय मारू" वाले चार वेगळे वाटतात. ते गर्दीत होते का?

काळीमाती:
नाही. दोन तर सकाळी दहाला, दुकानात कुणीच नव्हतं.

गोदाकाठ:
मग तिथं ताण नाही. त्याला येत नसावं. दुकान उघडायच्या आधी, दोघंच असताना त्याच्यासमोर दोन पानं ठेवा आणि विचारा. परीक्षा घेतल्यासारखं नको, "मला जरा सांग बरं" असं. शांतपणीही सांगता आलं नाही तर रागावून काय उपयोग?

मोंढ्यातला:
चार वर्षं दुकानात राहून पान ओळखता येईना? मग तर काढाच.

काळीमाती:
@मोंढ्यातला, भाऊ, चार वर्षांत मी त्याला एकदाही शिकवलं नाही. मी स्वतः कृषी दुकानदारांसाठीचा वर्षभराचा देसी डिप्लोमा केलाय, त्याला मात्र गोण्या मोजायला ठेवलं.

आज सकाळी दोन पानं ठेवली. एक शेंड्याचं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. आमच्या चुनखडीच्या रानात पाणी साचलं की सोयाबीन असं होतं, लोह लागत नाही पिकाला. दुसऱ्यावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे, म्हणजे पिवळा मोझॅक, पांढरी माशी पसरवते तो. पोरगा दोन्हीला मोझॅक म्हणाला आणि मान खाली घातली.

मग मी गप्प बसलो. (मला ते जमत नाही, पण बसलो.) बऱ्याच वेळानं म्हणाला, "मागच्या साली त्या माणसाची कापूस जळाली ना माझ्या औषधानं, तवापासून मी सांगतच नाही कुणाला काही."

मला आठवलं. पोरानं दिलं होतं साधं मावा-तुडतुड्यांचं औषध. शेतकऱ्यानं ते ज्या पंपातून मारलं त्यात आधी टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं होतं, पंप नीट धुतला नव्हता. कापसाची पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती झाली होती. ती खूण टू-फोर-डीचीच, कीटकनाशकानं तसं होत नाही. मला तेव्हाच कळलं होतं. शेतकऱ्याची समजूत मी काढली, पण भरल्या दुकानात त्यानं पोराला आईवरून शिव्या दिल्या होत्या आणि चूक तुझी नव्हती हे मी पोराला कधी सांगितलंच नाही. वर्षभर तो मनात घेऊन बसला.

गोदाकाठ:
"वाचता येत नाही का" यामागं हे होतं. विचारणाऱ्याला आधीच हाकलून दिलं की चुकायची वेळच येत नाही. आता @काउंटरचा_राजा यांचं वाक्य कामाला येईल. त्याला एकच द्या, "मला खात्रीनं सांगता येत नाही, मालकाला दाखवून सांगतो." आणि तो असं म्हणाला तर गिऱ्हाइकासमोर तुम्ही तोंड वाकडं करायचं नाही.

काळीमाती:
तेच ठरवलंय. मी नसलो तर फोटो पाठवायचा. रोज सकाळी अर्धा तास, आलेल्यातलं एकच पान घेऊन बसतो. त्यातही जे मला कळत नाही ते परभणीच्या विद्यापीठात विचारतो.

बांधावरचा:
उधारीवाल्यांचं काय झालं? त्यांच्यावर तर सगळेच खेकसतात.

काळीमाती:
काका, तिथं मीच सापडलो. पोराला विचारलं तर म्हणाला, "तुम्हीच म्हणला होतात, जुनी बाकी असणाऱ्याला जास्त तोंड देऊ नको." म्हणालो होतो, मार्चमध्ये. मला म्हणायचं होतं नवा माल देऊ नको. आता ठरलंय की उधारीचं बोलणं मी करणार. त्यानं फक्त "मालकाशी बोला" म्हणायचं.

गोदाकाठ:
आणि आजी?

काळीमाती:
दुकानात गर्दी नव्हती. आजी एक किलो मुगाचं बियाणं मागत होती. तेवढ्यात शंभर एकरवाला एक बागायतदार आला. पोरानं आजीला "ए आजी, सरक तिकडं" म्हणून बाजूला केलं आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. आजी पंधरा मिनिटं उभी होती. इथं ना ताण, ना काही येत नव्हतं, ना माझा हुकूम. विचारलं तर म्हणाला, "त्यात काय झालं?"

मोंढ्यातला:
ही खरी जात माणसाची. बाकी सगळं तुम्ही त्याच्यासाठी शोधून काढलेलं कारण.

गोदाकाठ:
मला नाही पटत. १३ मधली एक आहे ती. पण हेही खरं की ही शिकवून जात नाही आणि डबा वेळेवर खाऊनही जात नाही. इथं स्पष्ट सांगावं लागतं, तारीख घालून. "आधी आलेल्याला आधी, गिऱ्हाईक कोणतंही असो. पुन्हा असं दिसलं तर लेखी देईन, त्यानंतर काउंटरवर नाही." आणि मग खरंच बघावं लागतं. "त्यात काय झालं" असं तो कशा आवाजात म्हणाला, ते तुम्हीच ऐकलंय.

काळीमाती:
तेच तर सांगता येईना ताई. कधी वाटतं खरंच कळलं नव्हतं त्याला, कधी वाटतं चांगलं कळलं होतं. सांगितलंय तारीख घालून, वहीत त्याची सही पण घेतली. गुरुवारी गाडी आहे. मी एकपासून मशीनवर बसणार, तो साडेबाराला जेवणार. वही चालूच ठेवतोय, पोळ्यानंतर पुन्हा लिहितो.

बांधावरचा:
गुरुवारी किती गोण्या येणार?