अनिकेतचा टोस्ट: मित्रांना हसवू की मोठ्यांना रडवू?

ओंकार: मुद्दाम वेगळा ग्रुप केलाय, अनिकेत यात नाही. त्याला कळू देऊ नका. लग्नात बेस्ट मॅन म्हणून टोस्ट मला द्यायचाय आणि दोन मसुदे लिहून बसलोय. पहिला वाचला तर मित्र खुर्चीवरून पडतील आणि मोठी काकू, म्हणजे अनिकेतची आई, वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. दुसरा वाचला तर काकू रडेल आणि मित्र मोबाइल काढून बसतील. कुठला घेऊ?

रोहन: पहिला. विषय संपला.

नानाकाका: दुसरा. लग्न आहे, एकांकिका स्पर्धा नाही.

मृणाल: अर्धा हा, अर्धा तो?

शलाकाताई: अर्धा-अर्धा केलास तर आधी निम्मी माणसं कंटाळतील, मग उरलेली. मी इतक्या समारंभांचं सूत्रसंचालन केलंय, असली भाषणं खूप ऐकलीत. पहिल्या मसुद्यात काय काय आहे ते सांग.

ओंकार: होस्टेलचे पाच किस्से. पाण्याची टाकी, रेक्टरची चप्पल, परीक्षेच्या आदल्या रात्रीचा गोंधळ, कुलूप, आणि एक तू विचारू नकोस असा.

शलाकाताई: तो विचारू नकोस असा आत्ताच काढ. जुनी प्रेमप्रकरणं, पिणं, पैसे, यातलं काहीही नाही. ईशाच्या घरचे अनिकेतला धड ओळखतही नाहीत, त्यांना तो पहिल्यांदा तुझ्या तोंडून कळणार आहे.

रोहन: मग उरलं काय?

शलाकाताई: चार उरले की. ओंकार, आज संध्याकाळी मोठ्या काकूला फोन कर. टोस्टचं काही बोलू नकोस. सहज गप्पा मारता मारता चारही किस्से सांग. टोपणनावं नकोत, 'तो आपला अमुक' नको. ती कुठे हसते आणि कुठे प्रश्न विचारते, एवढंच बघ.

ओंकार: केला फोन. टाकीचा किस्सा ऐकून विचारलं, "मग नुकसान कोणी भरून दिलं?" चपलेवर म्हणाली, "बिचारे सर." परीक्षेच्या रात्रीचा मीच अर्ध्यात सोडला, समजावता समजावता दमलो. पण कुलपाचा सुरू केला आणि मी शेवटाला पोचायच्या आधीच ती हसायला लागली! म्हणाली, शाळेत जाताना दप्तर तीनदा उघडून बघायचा, शेवटी मी गेटपर्यंत ढकलत न्यायचे.

शलाकाताई: मग झालं तुझं काम. मित्रांना हा स्वभाव होस्टेलमुळे माहीत आहे, आईला दप्तरामुळे. दोघांकडे आपापला पुरावा आहे. असा एक किस्सा सापडला की हसवू की रडवू हा प्रश्नच बराचसा सुटतो. बाकीचे तीन बाजूला ठेव.

रोहन: एकच किस्सा? बेस्ट मॅनच्या भाषणात? लोक म्हणतील तयारी केली नाही.

शलाकाताई: माइकवर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. चार मिनिटांच्या पुढे गेलास तर लोक ग्लास हातात धरून अवघडतात. हसण्यासाठी थांबायचा वेळ त्यातच आला. म्हणजे लिहायला तुझ्याकडे साडेतीनशेच्या आसपास शब्द. त्यात पाच किस्से घातलेस तर प्रत्येकाचा नुसता मथळा वाचून होईल. आणि मथळ्याला तेच हसतात ज्यांना आतली बातमी आधीपासून माहीत असते.

नानाकाका: हे पटलं. पण मला एक सांगा, हसवायचंच कशाला? चार चांगले शब्द बोलावेत, आशीर्वाद द्यावेत.

शलाकाताई: नानाकाका, आशीर्वाद तुम्ही दिलेत तर शोभतात. याच्या वयाच्या मुलाने सुरुवातीपासून 'तो फार प्रेमळ आहे, तो फार जबाबदार आहे' लावलं तर ते शिफारसपत्रासारखं वाटतं. आधी मित्राची एक निरुपद्रवी खोड दाखवली की लोकांना वाटतं, हा खरं बोलतोय. मग पुढचं कौतुकही खरं वाटतं.

नानाकाका: हं.

ओंकार: कुलपाचा भाग लिहिलाय. बघा:

"अनिकेत कुलूप लावतो, ओढून बघतो, चार पायऱ्या उतरतो आणि परत येऊन पुन्हा ओढून बघतो. परीक्षा संपल्यावर आम्ही सगळे फिरायला निघालो. स्टेशनवर पोचलो, गाडी फलाटावर उभी. अनिकेत म्हणाला, 'मी कुलूप लावलं ना?' आणि परत निघाला. आम्हीही मागोमाग गेलो, कारण सगळ्यांची तिकिटं त्याच्या खिशात होती. कुलूप लावलेलं होतं. गाडी गेलेली होती."

मृणाल: 😂😂 शेवटची दोन वाक्यं!

रोहन: बरं आहे. मान्य.

शलाकाताई: छान. आता एक बारीक गोष्ट. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपण सगळेच वाक्याचा शेवट गिळतो. तुझा सगळा विनोद 'गेलेली होती'वर आहे. तिथे आवाज पडला तर पुढच्या टेबलावरचे हसतील आणि मागे ज्यांना कमी ऐकू येतं ते एकमेकांना विचारतील, काय म्हणाला? तो शेवट वरच्या आवाजात, हळू, आणि मग गप्प राहा. मित्र लगेच हसतील, मोठ्यांचं हसू जरा मागून येतं. मित्रांचं हसणं संपायच्या आत बोलायला लागलास तर मोठ्यांचं हसू तूच कापलंस.

ओंकार: आणि ते हसलेच नाहीत तर?

शलाकाताई: अनोळखी लोकांमध्ये मोठी माणसं मोठ्याने हसत नाहीत. चेहरे बघ. मान खाली घालून ताटाकडे बघायला लागले तर गडबड आहे. तुझ्याकडेच बघत असतील तर ऐकतायत. त्यांना हसवायला आयत्या वेळी जादा काही सांगू नकोस, तिथेच माणसं घसरतात.

मृणाल: मग भावुक भागात कसं जायचं? "आता जरा सीरियस बोलतो" असं म्हणून?

शलाकाताई: ते वाक्य सोडून काहीही. ते ऐकलं की मित्र ताठ बसतात, मोठे रुमाल शोधतात आणि मग तू काहीही बोललास तरी ठरवून बोलल्यासारखं वाटतं. न सांगता वळायचं. तीच खोड घे, फक्त प्रसंग असा निवड जिथे त्या खोडीचा कुणाला तरी आधार झाला.

ओंकार: एक आहे. बाबा आजारी होते तेव्हाचा.

"माझे बाबा आजारी होते तेव्हा अनिकेत रोज रात्री फोन करायचा. 'काकांनी औषध घेतलं?' मी म्हणायचो, घेतलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. 'नक्की घेतलं ना?' एका रात्री मी वैतागलो. म्हटलं, अरे एकदा सांगितलं ना. तर म्हणाला, 'औषधाचं कळलं रे. तू जेवलास का?'"

मृणाल: ओंकार. 🥺

रोहन: हे मला माहीत नव्हतं.

नानाकाका: चांगलं आहे, पण लग्नाच्या मंडपात आजारपण? तुझे बाबा समोर बसलेले असतील. सगळे वळून त्यांच्याकडे बघतील.

शलाकाताई: नानाकाकांचा मुद्दा खरा आहे. दुसऱ्याचं दुखणं त्याला विचारल्याशिवाय माइकवर न्यायचं नाही. बाबांना वाचून दाखव. नको म्हणाले तर दुसरा प्रसंग शोध.

ओंकार: दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, आजाराचं नाव घेऊ नकोस, हॉस्पिटल आणू नकोस, बाकी चालेल. नाव तसंही नव्हतं. मग म्हणाले, तो मलाही वेगळा फोन करायचा, हे तुला ठाऊक नव्हतं. ते भाषणात घालू का?

शलाकाताई: नको. मोह होईल, पण 'तू जेवलास का' यावर तो प्रसंग पूर्ण होतो. त्याच्यावर आणखी एक चढवलंस की लोकांना वाटायला लागतं, हा आपल्याला रडवायला निघालाय.

रोहन: आता त्यानंतर एक कडक पंच हवा. सगळे रडवेले झालेले, धाडकन हसवून टाकायचं.

शलाकाताई: लगेच नको. हळव्या वाक्याला चिकटून विनोद आला की बोलणारा स्वतःच अवघडला आणि पळ काढला असं दिसतं. मोठ्यांना तर तो अपमान वाटतो, आत्ता कुठे डोळे पुसत होते. मध्ये ईशाशी बोल. दोन वाक्यं पुरे. ती चेष्टेचा विषय होता कामा नये, हे मात्र लक्षात ठेव.

ओंकार: "ईशा, दार लावलंस का असं तो तुला दोनदा विचारेल. पहिल्यांदा विचारेल ते दाराबद्दल. दुसऱ्यांदा विचारेल ते तुझ्याबद्दल."

मृणाल: मी आत्ताच रडतेय. लग्नात काय होईल?

शलाकाताई: उत्तम. आता रोहनला हवा तो विनोद ग्लास वर करताना येऊ दे, पण छोटा, आणि अनिकेतला उद्देशून. तिथे सगळे हालचाल करत असतात, ग्लास उचलत असतात, त्यामुळे हसू आणि टाळ्या एकात एक मिसळतात.

ओंकार: "चला, ईशा आणि अनिकेतसाठी ग्लास वर करू. अनिकेत, दार लावलंय. आम्ही सगळ्यांनी बघितलंय. आता बस."

नानाकाका: हे मलाही आवडलं. मी हसलो, लिहून ठेव.

रोहन: नानाकाका हसले म्हणजे मित्र हसणार नाहीत अशी भीती वाटते.

शलाकाताई: 😄 सुरुवातीला मात्र एक वाक्य घाल, तू अनिकेतचा कोण ते. चुलतभाऊ, एकत्र वाढलात, मग एकाच होस्टेलवर. त्याशिवाय ईशाकडच्यांना 'काका' म्हणजे कोण हेच कळायचं नाही. आणि कागदावर मोठ्या अक्षरात छापून घे, मोबाइलवरून वाचू नकोस. औषधाच्या भागात आवाज अडकला तर माफी मागू नकोस, कागदाकडे बघ, श्वास घे, पुढचं वाक्य वाच. लोक थांबतात.

ओंकार: सगळं जोडून मोठ्याने वाचून रेकॉर्ड केलं. दोन मिनिटं. हसण्याची जागा धरून तीनच्या आत.

मृणाल: मग एक किस्सा अजून बसेल की!

शलाकाताई: बसेल. घालू नकोस.

रोहन: आणि मी मध्येच "टाकी!" असं ओरडलो तर?

शलाकाताई: तर तुमचं टेबल अगदी शेवटी, स्पीकरच्या मागे लावायला सांगते. टेबलांची यादी माझ्याकडे आहे.

रोहन: नाही ओरडत. पुढचंच ठेव.