निर्दोष सुटल्यावर एकच वर्ष हातात असतं

> "खोट्या केसमधून निर्दोष सुटलो. आता फिर्याद देणाऱ्यावर काही करता येतं का?"

दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, पण सुटल्याच्या तारखेपासून एका वर्षातच. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होत नाहीत. म्हणून नक्कलेचा अर्ज आजच टाका.

नुसतं सुटणं मात्र पुरत नाही. फिर्याद देणाऱ्याला वाजवी कारण नव्हतं आणि त्यानं ती आकसानं दिली, हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. 'संशयाचा फायदा' देऊन सोडलं असेल तर हे जड जातं.

आमच्या तासगावकडच्या चुलत्यांवर बांधाच्या भांडणातून विहिरीवरची मोटार चोरल्याची फिर्याद झाली. चोरीच्या रात्री ते मिरजेत दवाखान्यात ॲडमिट होते. आणि फिर्यादी त्याच संध्याकाळी त्यांना बघायला येऊन गेलेला, शहाळं घेऊन! दवाखान्याच्या कागदांवर चुलते सुटले, पण दाव्यात खरा उपयोगी पडला तो शेजारच्या खाटेवरचा साक्षीदार. फिर्यादीला खरं माहीत होतं, हे त्याच्यामुळं दाखवता आलं.

वकिलाची फी, तारखांना बुडालेली मजुरी यांच्या पावत्या, नोंदी जपून ठेवा. खर्चाच्या भरपाईचा आकडा त्यावरच ठरतो.