मदत हवी आहे: परिपाठातल्या भाषणात नमुना प्रकल्प सांगावा की नाही?

पुढच्या वर्षाच्या प्रकल्पांसाठी मुलांनी स्वतःच्या, वेगळ्या कल्पना सुचवाव्यात म्हणून सोमवारी परिपाठात बोलायचं आहे. पाचवी ते आठवी, ग्रामीण शाळा, वेळ पाच मिनिटं. माईक, प्रोजेक्टर नाही. प्रकल्पाचा खर्च शंभर रुपयांच्या आत हवा.

गेल्या वर्षी मी गांडूळखताचं उदाहरण दिलं, तर निम्म्या चिठ्ठ्या गांडूळखताच्याच आल्या. त्याआधी उदाहरण टाळलं, तेव्हा नेहमीचा ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन आलं. "वेगळा विचार करा" एवढ्याने मुलांना काही सापडत नाही, हे मला पटलंय.

यंदा एका सातवीतल्या मुलीने सहज विचारलं, "बाई, पावसाळ्यात माठातलं पाणी उन्हाळ्यासारखं गार का होत नाही?" दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, हे पुस्तकात आहे, पण दोन माठ, एक तापमापी आणि रोजची नोंद एवढ्यात ते मोजता येतं. भाषणात उत्तर न देता फक्त तिचा प्रश्न सांगायचा आणि "घरातली अशी एक न कळलेली गोष्ट शुक्रवारपर्यंत लिहून आणा" म्हणायचं, असं मनात आहे.

पण मग सगळे माठच आणतील का? तुम्ही असं करून पाहिलं असेल, तर एकच प्रश्न सांगितला होता की वेगवेगळ्या विषयांतले तीन-चार?