पुष्कराज: यलो सफायर, टोपाझ की सुनेला?

इंद्रायणी
सासऱ्यांच्या अंगठीतला पिवळा खडा सैल झाला म्हणून सराफाकडे नेला. मूळ बिलावर 'पुष्कराज, गोल्डन टोपाझ' असं लिहिलंय. हा सराफ म्हणाला, "वहिनी, हा सुनेला आहे." घरी येऊन जुना मराठी-इंग्रजी कोश उघडला, तर पुष्कराज म्हणजे टोपाझ. दुकानांच्या जाहिरातींत मात्र पुष्कराज म्हणजे यलो सफायर. हे तीन वेगळे दगड आहेत का? असतील तर आपला शब्द नक्की कोणाचा? आणि सुनेला काहीशे रुपये कॅरेट, तर पुष्कराज काही हजारांपासून लाखाच्या घरात, हे कसं?

जुना पेठकर
कोश बरोबर आहे. पुष्परागाचं पुष्कराज झालं, आणि पुष्पराग म्हणजे टोपाझ. सफायर म्हणजे नीलम, तो निळाच. 'पिवळा नीलम' हे व्यापाऱ्यांनी मागाहून काढलेलं. खरा-खोटा ओळखायचा तर काचेवर ओढून बघा. ओरखडा उठला की खरा.

पैलू
पेठकर, पुष्परागाची व्युत्पत्ती मान्य. पण इंद्रायणीताई, काचेवर कृपा करून ओढू नका. कठीणपणाच्या १ ते १० या मापावर काच साडेपाचच्या आसपास असते. सुनेला ७, टोपाझ ८ आणि यलो सफायर ९, म्हणजे तिघेही काचेवर ओरखडा काढतात. त्यातून कळणार काहीच नाही, आणि टोपाझ असला तर तो एका दिशेने सरळ दुभंगतो, नसता घाव बसायचा.

शब्दाबद्दल. जुन्या युरोपीय व्यापारात पिवळ्या सफायरलाच 'ओरिएंटल टोपाझ' म्हणत. त्याहून मागे गेलं तर ग्रीकांचा 'टोपाझ' तांबड्या समुद्रातल्या बेटावरचा हिरवा दगड होता, ज्याला आज पेरिडॉट म्हणतात. नावं रंगावरून आणि गावावरून पडत होती, खनिजावरून नव्हे. त्यामुळे कोशकाराने 'टोपाझ' लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोणता दगड होता, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही.

आज झवेरी बाजारात किंवा जयपूरला नुसतं 'पुष्कराज', 'पुखराज' म्हटलं की अर्थ यलो सफायर. तो कुरुंद आहे. धार लावायला वापरतात तोच कुरुंद. त्याचे पारदर्शक लाल खडे माणिक, निळे नीलम, पिवळे पुष्कराज. टोपाझ हे वेगळंच खनिज. आणि सुनेला म्हणजे सिट्रीन, स्फटिकाच्या म्हणजे क्वार्ट्झच्या घरातला, जांभळ्या ॲमेथिस्टचा सख्खा भाऊ.

तळेगावकर
माझा पुष्कराज सव्वापाच रत्तीचा आहे, गुरुवारी तर्जनीत घातला. सोनं २२ कॅरेटचं चालतं का १८? आणि गुरुजींनी रात्रभर दुधात ठेवायला सांगितलं होतं, दूध पिवळट दिसलं म्हणजे खरा ना?

पैलू
काका, सोन्याचं गुरुजींनाच विचारा. तुमच्या २२ कॅरेटमधलं कॅरेट शुद्धतेचं, खड्याचं कॅरेट वजनाचं, ०.२ ग्रॅम. दुधाचं मात्र सांगतो: या तिन्ही दगडांतलं काहीच दुधात उतरत नाही. रंग उतरला असेल तर तो वरून लावलेला होता किंवा कोंदणातल्या मळाचा.

इंद्रायणीताई, खडा सैल झालाच आहे तर काढून घ्या आणि घरी एक गोष्ट करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल. आधी कोरडा खडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ४ च्या जवळ आलं तर कुरुंद, साडेतीनला टोपाझ, २.६५ ला सुनेला. खड्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फसवतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवा.

इंद्रायणी
केलं. मुलाच्या रसायनशास्त्राच्या काट्यावर. कोरडा १.१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा ०.४२. तीनदा घेतला, एकदा ०.४३ आला.

पैलू
१.१२ भागिले ०.४२ म्हणजे २.६७. ०.४३ घेतलं तरी २.६०. याच वजनाचा कुरुंद असता तर आकडा ०.२८ आला असता, टोपाझ असता तर ०.३२. म्हणजे तुमचा सराफ बरोबर आहे, यलो सफायर नाही आणि टोपाझही नाही. सुनेला म्हणायला मात्र आणखी एक शंका काढावी लागेल, काही काचही याच घनतेची असते. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर काच. लॅबमध्ये खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर सुनेला १.५४–१.५५ दाखवतो, टोपाझ १.६२ च्या आसपास, यलो सफायर १.७६–१.७७, तिथे गोंधळाला जागा कमी.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. खडा अर्ध्या ग्रॅमचा असेल तर टोपाझ आणि कुरुंदातला फरक या काट्याच्या चुकीतच बुडतो. शिवाय भट्टीत बनवलेला पिवळा सफायर पाण्यात अगदी ४ च दाखवतो, कारण तो कुरुंदच आहे. तो ओळखायला आतल्या वळणदार रेषा बघाव्या लागतात, आणि पिवळ्यात त्या सहज दिसत नाहीत.

जुना पेठकर
पाण्याचं पटलं. मग भावाचं सांगा. तिन्ही पिवळे, तिन्ही चमकतात. ग्रहाचं नाव लागलं म्हणून भाव चढला, एवढंच ना?

पैलू
ग्रहाचा वाटा मोठा आहेच, आपल्याकडे न तापवलेल्या पुष्कराजाला जी मागणी आहे ती गुरूमुळे. पण नुसतं तेवढं नाही. सुनेला मोठ्या, स्वच्छ तुकड्यांत मिळतो, आणि बाजारातला बहुतेक सुनेला म्हणजे ब्राझीलचा ॲमेथिस्ट ४००–५०० अंशांना तापवून पिवळा केलेला. माल भरपूर, म्हणून १० कॅरेटचा खडाही कॅरेटमागे फारसा महाग होत नाही. श्रीलंकेच्या कुरुंदात ५ कॅरेटचा स्वच्छ, उजळ पिवळा खडा निघणं दुर्मिळ, म्हणून तिथे वजन वाढतं तसा कॅरेटचा भावही वाढतो. टोपाझ मधला. पण ब्राझीलच्या ओरू प्रेतूचा 'इम्पीरियल' नारिंगी टोपाझ खूप महाग जातो, तेव्हा 'टोपाझ म्हणजे स्वस्त' हेही सरसकट खरं नाही.

तळेगावकर
माझ्या सर्टिफिकेटवर 'नॅचरल कोरंडम, हीटेड' आहे. फसलो का?

पैलू
नाही. नैसर्गिक कुरुंद, तापवून रंग उजळलेला. न तापवलेल्याचा भाव दिला असेल तरच तक्रार. खरी डोकेदुखी बेरिलियमची. २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधून आलेल्या मालात कळलं, की फिक्या सफायरमध्ये खूप उष्णतेत बेरिलियम मुरवून पिवळा-नारिंगी रंग आणतात. बेरिलियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की साध्या यंत्रांना दिसत नाही, मोठ्या लॅबला लेसरने कणभर पदार्थ उडवून तपासावं लागतं. महाग खडा असेल तर अहवालात याचा उल्लेख आहे का, हे विचारून घ्या.

जुना पेठकर
तरी माझा मुद्दा राहतोच. कोशात 'टोपाझ', बाजारात सफायर. नव्या कोशात काय लिहायचं? जुन्या मराठी लेखनातला 'पुष्कराज' वाचताना कोणता दगड समजायचा?

पैलू
नव्या कोशात 'पिवळा कुरुंद' पहिला अर्थ आणि 'जुन्या वापरात टोपाझही' दुसरा, असं माझं मत. जुन्या लेखनात दगड हातात नसतो, तिथे 'पिवळं रत्न' याच्या पुढे मी जाणार नाही.

इंद्रायणी
मला दुसरा अर्थ खटकतो. दुकानदाराने त्याच्याच आधारावर बिल केलं असणार. सासऱ्यांनी सुनेल्याचे पैसे दिले की पुष्कराजाचे, बिलावरचा आकडा पुसट झालाय. नव्या बिलावर मी 'सिट्रीन' लिहून घेणार आहे. सराफ म्हणाला, 'सुनेला' लिहितो. दोन्ही लिहा म्हटलं.