मदत हवी आहे: सगळ्यांनाच गाडी लागते, तरी थंड हवेच्या ठिकाणी जायचंय

सायलीची आई
दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस डोंगरात जायचंय, पण आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांना गाडी लागते. मागच्या वर्षी महाबळेश्वरला गेलो तेव्हा पोलादपूर सोडल्यावर वर पोचेपर्यंत पाच वेळा गाडी थांबवली, धाकट्याच्या अंगावरचे कपडे दोनदा बदलले आणि पहिला अख्खा दिवस हॉटेलात झोपून गेला. या वेळी कमी कमी अंतर तोडत, मधे आराम करत जायचंय. कुठे जाऊ आणि कुठे कुठे थांबू? बुकिंग शुक्रवारपर्यंत करायचंय, प्लीज लवकर सांगा.

कुडाळकर
आंबोली. दुसरा विचारच करू नका. सावंतवाडीपर्यंत ट्रेनने या, ट्रेन लागत नाही कोणाला. तिथून तीसेक किलोमीटर, त्यात खरा घाट थोडाच. दाणोलीला थांबून चहा घ्या आणि सावकाश चढा. वर हिरण्यकेशीला मुलांना पाण्यात पाय सोडून बसवा, तिथून हलणार नाहीत.

घाटवाट
ताई, निघणार कुठून? गाडी कुठली, माणसं किती, मुलं केवढी, गाडी कोण चालवणार? हे कळल्याशिवाय काय सांगायचं. मी रत्नागिरी-कोल्हापूर लाईनवर बावीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय.

सायलीची आई
सॉरी, घाईत राहिलं. रत्नागिरीहून निघणार. सात सीटर आहे, मिस्टर चालवतात. सासूबाई, सासरे, मी, सायली ९ आणि धाकटा ५. सासरे सोडून सगळ्यांना लागते. मुलांना मागच्या सीटवर टाकणार आहे म्हणजे आडवं होता येईल.

घाटवाट
तीच चूक आहे बघा, मागची सीट मुलांना देऊ नका. सात सीटरची शेवटची सीट मागच्या चाकाच्या वर नाहीतर त्याच्याही मागे असते, गाडी वळली की शेपटीसारखी तीच जास्त फिरते, उडतेही तीच, आणि समोर बघायला पुढच्या सीटची पाठ. तिथे सासऱ्यांना बसवा. मधल्या रांगेत धाकटा मधोमध, म्हणजे पुढच्या दोन सीटच्या फटीतून रस्ता दिसेल. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला सायली. सासूबाई पुढे. आणि मोबाईल कोणाच्याच हातात नको. डोळे म्हणतात मी स्थिर आहे आणि कान म्हणतो मी वळतोय, त्या भांडणातच मळमळतं. लांबचा डोंगर बघत बसलं की भांडण मिटतं.

अबोली
आमच्याकडे सीटवर वर्तमानपत्र घालून त्यावर बसवतात. माझ्या भाचीला शंभर टक्के उपयोग होतो. हसू नका कोणी.

दापोलीचा दादा
एवढं कशाला, रात्री अकराला निघा. मुलं झोपली की कळतही नाही घाट कधी गेला. आम्ही कायम असंच जातो.

घाटवाट
दादा, झोपलेल्या पोराला कमी लागते हे खरंय. पण आंबा घाटात रात्री धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही, ड्रायव्हर आयत्या वेळी ब्रेक मारतो आणि सगळे एकदम जागे होतात. अर्धवट जागं झालेलं पोर तर हमखास ओकतं. आणि यांचे मिस्टर दिवसभर काम करून रात्री घाट चालवणार का?

दापोलीचा दादा
आम्हाला कधी काही झालं नाही. असो.

मालवणी मासा
मला बोटीतच लागते. तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेलो आणि काठावर येईपर्यंत जीव गेला. बोटीत नेमकं कुठे बसायचं? कोणी सांगेल का?

औषधपेटी
मासाभाऊ, बोटीत मधोमध, आणि नजर क्षितिजावर.
सायलीच्या आई, गोळी काय देता?

सायलीची आई
घरी उलटीची गोळी असते ती. ओन्डान्सेट्रॉन. महाबळेश्वरला जाताना सगळ्यांना दिली होती, निघताना. काहीच उपयोग झाला नाही म्हणून तर विचारतेय.

औषधपेटी
म्हणूनच झाला नाही. ती गोळी पोट बिघडल्यावरच्या उलटीला चांगली, गाडी लागण्यावर फारशी चालत नाही. गाडी लागण्याची गोळी वेगळी, प्रोमेथाझिन वगैरे. तीही गाडी सुरू झाल्यावर नाही, निघायच्या तासभर तरी आधी, कारण मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. तिने झोप येते म्हणून मिस्टरांना अजिबात नको. दोन वर्षांखालच्या मुलांना तर कधीच नाही. धाकट्याचा डोस वजनावर ठरतो, डॉक्टरांना विचारूनच. सासूबाईंना डोळ्यांचं काही आहे का?

सायलीची आई
हो, काचबिंदू आहे, रोज थेंब घालतो. का?

औषधपेटी
मग त्यांना ही गोळी स्वतःहून देऊ नका. काचबिंदूच्या काही प्रकारांत यामुळे डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. बरं झालं विचारलं. त्यांना पुढची सीट, खिडकी थोडी उघडी, आल्याची वडी चघळायला, एवढ्यावर बघा.

सायलीची आई
बाप रे, मी त्यांना देणारच होते. आजच फोन करते. घाटवाट दादा, मग जाऊ कुठे?

कुडाळकर
आंबोली!

घाटवाट
आंबोली चांगली, पण सामान, दोन म्हातारी माणसं, पुढे सावंतवाडीला गाडी ठरवायची, ती यांच्या सवयीची नसणार. मी सांगतो ते बघा. पहिल्या दिवशी फक्त आंबा गावापर्यंत, सत्तरेक किलोमीटर. आठ वाजता निघा. सकाळी मऊभात किंवा घावणं, पोट रिकामं नको आणि तेलकटही नको. पालीला दहा मिनिटं. साखरप्याला अर्धा तास, तिथे सगळ्यांना चालवा, कारण मुर्शी सोडल्यावर घाट सुरू होतो. घाटात एकदाच थांबा, जिथे रुंद जागा आहे तिथे, वळणावर नाही. वरती आंब्याला मुक्काम, दुपारी झोप, बाकी काही नाही. दुसरा दिवसही तिथेच, जंगलात सकाळी फिरायला जा. तिसऱ्या दिवशी मलकापूरवरून पन्हाळा, साठेक किलोमीटर, घाट संपलेला असतो, फक्त शेवटी गडाचा चढ. तिथे सज्जाकोठीपाशी वाऱ्याला बसा.

आणि मिस्टरांना सांगा, वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. मागच्या सीटवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवा, ती गडगडली तर गाडी जोरात चाललीये.

अबोली
आधी कळतं का पण मुलांना? माझी भाची एकदम ओकते.

घाटवाट
एकदम नाही ओकत हो. आधी जांभया येतात, बडबड बंद होते, मग ओठ फिके पडतात आणि तोंडात पाणी सुटतं. बडबड बंद झाली की जागा बघून थांबायचं. ओकून झाल्यावर थांबून काय उपयोग, मग पंधरा-वीस मिनिटं तरी जातातच. गाडीतला सुवासिक डबा काढून टाका, तो पहिला.

सायलीची आई
डबा आहे आमच्या गाडीत, लिंबाचा! आजच काढते. आंबा-पन्हाळा फायनल करते. परतीचं काय? उतरताना जास्त लागतं का? चढताना इतकं नाही वाटलं मला.

घाटवाट
उतरताना ब्रेक जास्त लागतो, म्हणून धक्के जास्त. दुसऱ्या गिअरमध्ये सोडायची, सारखा ब्रेकवर पाय नको. मागचे दहा ट्रक हॉर्न मारतील, मारू देत, जागा आली की त्यांना पुढे काढा.

अबोली
वर्तमानपत्राचं कोणी ट्राय करून बघा ना एकदा.

औषधपेटी
शास्त्रात नाही सापडत, पण अपाय पण नाही.

दापोलीचा दादा
हायवेच्या कामामुळे साखरप्याच्या पुढे सध्या कसा रस्ता आहे? डायव्हर्जनचे खड्डे असतील तर तुमचा वेळेचा हिशोब चुकेल.

सायलीची आई
हो ना, ते कोणी या आठवड्यात गेलं असेल तर सांगा. धाकट्याला खड्ड्यांनी पण होतं.