व्ही, डब्ल्यू आणि टीएच: तोंडी परीक्षेत तुमची जीभ कुठे अडकली?

रानवारा
भाची शेजारच्या खोलीत आयएल्ट्सच्या तोंडी परीक्षेची तयारी करतेय. मघाशी भिंतीपलीकडून "व्हेन आय व्हॉज" ऐकू आलं आणि माझी परीक्षा आठवली.

दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलायचं. मी काकांवर बोलले. काका जनावरांचे डॉक्टर. आपल्या मराठी 'व'ने मी म्हणाले, "माय अंकल इज अ वेट." बाई गोंधळल्या. काका ओले? चूक लक्षात आली, आणि घाबरून मी पुढच्या प्रत्येक 'व'ला दात लावले. व्हॉज, व्हेंट, व्हर्क! आधी एकच शब्द चुकला होता, नंतर सगळेच. तुमचे किस्से सांगा.

झंप्या
ओले काका 😂😂

दुपारचा चहा
सोपं आहे हो. मराठीत 'व्ह' लिहितो तिथे व्ही, 'व' लिहितो तिथे डब्ल्यू. व्हॅन, वॉच. संपलं.

जुनी खडू
चहा, अर्धं बरोबर. कुठे कुठला हे त्यावरून बऱ्याचदा कळतं, पण उच्चार नाही. आपल्या 'व्ह'मध्ये 'ह'चा श्वास असतो, इंग्रजी व्हीमध्ये श्वास नाही, घर्षण आहे. आणि आपला साधा 'व' दोघांच्या मधला: ओठ दातांजवळ जातो पण घासत नाही, गोलही होत नाही. म्हणून इंग्रज कानाला तो कधी हा वाटतो, कधी तो.

मी शिकवताना दोनच खुणा सांगते. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवून आवाज लांबवा; ओठाला गुदगुल्या झाल्या तर व्ही जमला. डब्ल्यूसाठी दात विसरा, ओठांचा चंबू करून 'उ' म्हणा आणि पुढच्या स्वरावर घसरा: उ-एट, वेट. आरशात डब्ल्यूला दात दिसले तर चुकलं. मग 'वेव्ह' म्हणजे लाट हा एकच शब्द घोटा. त्यात आधी चंबू, शेवटी दात. रानवाराताईंना भीतीत हा बदल करता आला नाही, म्हणून सगळीकडे दातच.

मीराआई
कुकर लावून आले. 'उ' म्हणा म्हणता, मग लाकूड कसं म्हणायचं? उ-उड? माझं 'ऊड'च होतं.

जुनी खडू
मीराआई, तिथेच सगळे अडकतात. चंबू आणखी घट्ट करून सोडायचा. वुमन, वुड, वूल, तिन्ही अवघड. माझंही घाईत 'ऊल' होतं, खोटं कशाला बोलू.

निवांत
माझा प्रॉब्लेम टीएच. तीन म्हणालो, समोरच्याने झाड ऐकलं. आपण तर 'थ्री' आणि 'ट्री' वेगळं म्हणतो ना?

जुनी खडू
आपल्या कानाला वेगळं. पण आपला 'थ' हवा अडवून सोडतो, त्यामुळे त्यांच्या कानाला तो 'ट'च्या गटात पडतो. कसोटी अशी: 'थ' ताणून बघा, ताणता येत नाही. त्यांचा आवाज सापाच्या फुत्कारासारखा कितीही लांबवता येतो. जिभेचं टोक दातांच्या फटीत अलगद ठेवा, हवा थांबवू नका. 'द'वाल्या दिस-दॅटलाही तसंच, फक्त गळा कंप पावतो.

दुपारचा चहा
म्हणजे टीएच दिसला की जीभ बाहेर. लिहून ठेवतो.

झंप्या
चहा, थॉमस आणि थायलंडला जीभ बाहेर काढू नका, तिथे सरळ टी आहे. मी काढली होती 🤦

कोरी पाटी
माझी तर संगणकावरची पीटीई होती. वाक्य वाचून दाखवायचं. मी प्रत्येक टीएचला जीभ काढत इतका थांबत गेलो की वाचन अडखळलं, आणि ओघाचे गुण गेले. शिवाय 'डेव्हलप'चा जोर 'डे'वर दिला. जोर 'व्हे'वर हवा, हे नंतर कळलं.

निवांत
मग टीएच सोडूनच देऊ का? आयएल्ट्समध्ये उच्चार चार निकषांपैकी एकच, आणि मराठी वळणाबद्दल थेट गुण कापत नाहीत असं ऐकलंय.

जुनी खडू
वळणाबद्दल नाही, पण ऐकणाऱ्याला समजायला त्रास झाला तर जातात. मी आधी ओले काका सावरेन, मग टीएच. कोरी पाटी म्हणतात तसं थांबत थांबत मात्र नको. बाकीच्यांचं मत वेगळं असेल.

मीराआई
मला परीक्षा नाही हो द्यायची. नातवंडं फोनवर हसतात म्हणून विचारलं. रानवारा, काकांना कळलं का कधी?

रानवारा
कळलं. आता फोन उचलल्यावर म्हणतात, "बोल, ओला काका बोलतोय." भाचीला आत्ता 'वेव्ह' म्हणायला लावलंय. चंबू झाला, दात विसरली.